दाखल्यावरची एक जुलै, आजीची पोळ्याची रात्र आणि मूलांक-भाग्यांकाचं भांडण

काका, माझ्या बाबांची शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जुलै १९७८ आहे. आजी म्हणते, "एक जुलै कायची? आणीबाणी उठली, त्याच्या दुसऱ्या साली पोयाच्या राती झाला थो. कोंबडं बोलाच्या अगुदर." बाबा आता दारव्ह्याकडे कृषी केंद्र टाकत आहेत. एका अंकज्योतिषांनी दाखल्यावरून मूलांक १ आणि भाग्यांक ६ काढला. १ चा सूर्य आणि ६ चा शुक्र, त्यांचं वैर आहे, धंदा टिकणार नाही, माणिक घाला, असं ते म्हणाले. तारीख कोणती धरायची? आणि मूलांक-भाग्यांक आपसात भांडत असतील तर ऐकायचं कोणाचं?

*

आधी तारखेचं बघू, कारण तुझा दुसरा प्रश्न पहिल्यातूनच निघालेला आहे. त्या ज्योतिषांचं गणित चुकलेलं नाही. त्यांनी ज्या तारखेवर गणित केलं ती तारीख तुझ्या बाबांची नाही, एवढंच.

आपल्याकडे १९९० च्या आधी जन्मलेल्या माणसाच्या दाखल्यावर १ जून, ३० जून किंवा १ जुलै दिसली की मी पेन खाली ठेवतो आणि घरात आई किंवा आत्या आहे का, हे विचारतो. शाळा जूनमध्ये उघडायच्या आणि पोराचं वय सहा वर्षं पूर्ण दिसायला पाहिजे असायचं. मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचे. हात पोचला की सहा वर्षं झाली, असं धरून मागे मोजून तारीख टाकायचे. घरच्यांना तिथी आठवायची, सण आठवायचा, पण इंग्रजी तारीख कुणी लिहून ठेवलेली नसायची. त्यामुळे गावात एका वर्गातली निम्मी पोरं एकाच दिवशी जन्मलेली निघतात. दाखल्यावरून अंक काढायचे म्हटलं तर त्या सगळ्यांचा मूलांक १, सगळे सूर्याचे! गावात एवढे सूर्य असते तर सरपंचकीची निवडणूक रोजच झाली असती.

मूलांक म्हणजे फक्त जन्मदिवसाचा अंक, एकेरी होईपर्यंत बेरीज केलेला. १ तारखेचा १, १९ चा १ अधिक ९ म्हणजे १०, म्हणजे पुन्हा १. भाग्यांक म्हणजे दिवस, महिना आणि पूर्ण वर्ष या सगळ्यांची बेरीज. १ जुलै १९७८ चं बघ. दिवसाचा १, महिन्याचे ७, वर्षाचे १ अधिक ९ अधिक ७ अधिक ८ म्हणजे २५. एकूण ३३, म्हणजे ६. तुम्हाला सांगितलं ते बरोबर हेच.

आता आजीच्या साक्षीवरून चालू. आणीबाणी उठली मार्च १९७७ मध्ये. त्याच्या दुसऱ्या सालचा पोळा म्हणजे १९७८ चा, शके १९०० चा. पोळा श्रावण अमावास्येला. त्या वर्षी ती अमावास्या २ सप्टेंबरला, शनिवारी आली होती. दुसऱ्या दिवशी, रविवारी ३ सप्टेंबरला, पाडवा, म्हणजे आपला तान्हा पोळा. हे पडताळायचं असेल तर जुनं पंचांग लागतं. देवळातल्या गुरवाकडे किंवा गावच्या जोशांकडे जुन्या पंचांगांचा गठ्ठा बहुधा असतो. कालनिर्णयही १९७३ पासून निघतं, तेव्हा १९७८ चं कुणाच्या तरी माळ्यावर सापडेल. मोबाईलवरच्या पंचांगावर मागचं साल टाकूनही बघता येतं. फक्त अधिक महिन्याकडे लक्ष ठेवायचं. १९७७ ला अधिक श्रावण होता, म्हणून त्या वर्षीचा पोळा जवळजवळ सप्टेंबरच्या मध्यावर गेला. वर्ष एकाने चुकलं तर तिथी तीच राहते, पण इंग्रजी तारीख दहा-बारा दिवस सरकते. मग मूलांकही गेला आणि भाग्यांकही.

म्हणून आजीकडून वर्ष पक्कं करून घे. आणीबाणीचा धागा चांगला आहे, पण एका धाग्यावर राहू नको. बाबांच्या आधीचं किंवा नंतरचं भावंड किती अंतराने झालं, त्या साली घरात कुणाचं लग्न किंवा मौत झाली, असं विचार. ग्रामपंचायतीची जन्मनोंदवहीही काढून बघ. जन्म आजीच्या माहेरी झाला असेल तर नोंद त्या गावच्या वहीत असेल, हे लोकांच्या लक्षात राहत नाही. वहीत जन्माची तारीख आणि नोंदणीची तारीख असे दोन रकाने असतात. नक्कल घेताना दुसरीच तारीख उतरवून आणलेली मी कितीदा पाहिली आहे.

आता खरी मेख. आजी म्हणते पोळ्याची रात्र, कोंबडं आरवायच्या आधी. आजीचा दिवस उजाडल्यावर बदलतो. तिच्या हिशेबाने तोरण तुटलं, बैलं घरी आले, पुरणपोळी खाऊन गाव झोपलं आणि पहाट झाली तरी ती पोळ्याचीच रात्र. पंचांगाचा वारही सूर्योदयालाच बदलतो. पण इंग्रजी तारीख मध्यरात्री बारा वाजता पालटते. बाळ बाराच्या आधी झालं असेल तर २ सप्टेंबर, नंतर झालं असेल तर ३ सप्टेंबर.

२ तारखेचा मूलांक २, चंद्र. २ अधिक ९ अधिक २५ म्हणजे ३६, भाग्यांक ९, मंगळ.

३ तारखेचा मूलांक ३, गुरू. ३ अधिक ९ अधिक २५ म्हणजे ३७, मग १०, भाग्यांक १, सूर्य.

काही अंकज्योतिषी म्हणतात, आपला दिवस सूर्योदयापासून, म्हणून पहाटेच्या जन्माला आदल्या दिवसाची तारीख धरा. मला हे पटत नाही आणि मी तसं करत नाही. मूलांक-भाग्यांकाची ही पद्धत उभीच इंग्रजी तारखेवर आहे. तिचा आजचा साचा बराचसा कीरोसारख्या विलायती लेखकांच्या पुस्तकांवरून आपल्याकडे आला. हा कीरो आयर्लंडचा, १८६६ ते १९३६ या काळातला. आपल्या लोकांनी तिला नवग्रह जोडले. कीरोच्या पुस्तकात ४ ला हर्षल आणि ७ ला नेपच्यून आहे. आपण तिथे राहू आणि केतू बसवले. जुन्या मराठी पुस्तकांत ४ ला हर्षल दिसला तर घाबरू नको, ते छपाई चुकलेलं नाही. हर्षलचा शोध १७८१ मधला आणि नेपच्यूनचा १८४६ मधला. त्यामुळे "ऋषीमुनींनी सांगितलेला अंक" असं कुणी म्हणालं तर माझी भुवई वर जाते. तेव्हा महिना इंग्रजी, वर्ष इंग्रजी, आणि दिवस तेवढा पंचांगाचा घ्यायचा, हे अर्धं तीतर अर्धं बटेर झालं. इंग्रजी तारीख वापरायची तर ती पूर्ण वापरायची, बारा वाजता पालटणारी. सूर्योदयाचा दिवस ज्यांना हवा त्यांनी कुंडली मांडावी, तिथे वार त्याच मापाने चालतो.

मग बारा वाजले होते की नव्हते, हे कसं कळणार? १९७८ ला खेड्यात बाळंतपणाच्या खोलीत घड्याळ असेलच असं नाही. असलं तरी बघायला कुणाला सवड? घड्याळाची वेळ विचारू नको, आजीला रात्रीचा क्रम विचार. तोरण तुटलं तेव्हा पोट दुखत होतं का? त्या रात्री जेवली होती का? सुईणीला बोलवायला गेलं तेव्हा गाव जागं होतं की उठवावं लागलं? बाळ झाल्यावर पुन्हा डोळा लागला की लगेच उजाडलं? आणि शेवटचं, सकाळी पोट्टे मारबत घेऊन "घेऊन जाय गे मारबत" करत गल्लीतून गेले तेव्हा बाळ पुसून-बिसून कुशीत होतं का? तान्ह्या पोळ्याच्या सकाळची मारबत ही आपल्याकडची पक्की खूण आहे. या उत्तरांवरून रात्रीचा पूर्वार्ध की उत्तरार्ध हे बहुतेक वेळा उलगडतं. "कोंबडं बोलाच्या अगुदर" हे शब्दच पहाटेकडे बोट दाखवतात. रात्री दहा-अकराच्या जन्माला आपल्याकडची बाई "जेवणं झाल्यावर" म्हणेल किंवा "निजानीज झाली तेव्हा" म्हणेल, कोंबड्याचं नाव काढणार नाही. त्यामुळे माझा कल ३ सप्टेंबरकडे आहे. आजीकडून वरची उत्तरं येईपर्यंत २ तारीख मात्र बाद करत नाही.

एक गोष्ट करू नको. दोन्ही अंकांची वर्णनं वाचून "बाबा चंद्रासारखे की गुरूसारखे" असं जुळवून तारीख ठरवू नको. चंद्राचा माणूस हळवा, मनाचा चंचल. गुरूचा माणूस सल्ला देणारा, शिस्तीचा. तुझे बाबा पावसाने दडी मारली की चंचल असतील आणि पोरांना अभ्यासाला बसवताना शिस्तीचे असतील. वर्णनं इतकी सैल असतात की कुठलीही कुणालाही बसते. ती तारखेचा पुरावा होत नाहीत. तारीख साक्षीने ठरते, वर्णन नंतर येतं.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे. मूलांक म्हणजे माणूस जन्मताच घेऊन आलेला पिंड, आणि भाग्यांक म्हणजे त्याला मिळणारी वाट, असं साधारण मानतात. पस्तिशीपर्यंत मूलांक जोरात आणि नंतर भाग्यांक, असंही बरेच सांगतात. पस्तिशीचा नियम मला सोयीचा वाटतो, खरा वाटत नाही. पस्तिशीच्या सुमारास माणसाचं लग्न-लेकरं-शेतवाटणी सगळं होऊन आयुष्य पालटतंच, मग अंकाला श्रेय मिळून जातं. मी असं धरतो, की रोजच्या गोष्टींना, म्हणजे तारीख निवडणं, भागीदाराशी पटेल का, बोलण्या-वागण्याची रीत, यांना मूलांक आधी बघायचा. एकदाच करायच्या मोठ्या कामाची दिशा, म्हणजे नोकरी की धंदा, एकट्याचा की भागीत, याला भाग्यांक आधी.

पण "भांडत असतील" या शब्दात एक गैरसमज दडलेला आहे. लोक मूलांक आणि भाग्यांक यांना दोन वेगवेगळे साक्षीदार समजतात. एकाची साक्ष वाईट गेली तर दुसरा सावरून घेईल, असं त्यांना वाटतं. तसं नाही. सप्टेंबर १९७८ मध्ये जन्मलेल्या कुणाचंही गणित करून बघ. महिन्याचे ९ आणि वर्षाचे २५ मिळून ३४, म्हणजे ७. त्या महिन्यात जन्मलेल्या प्रत्येकाचा भाग्यांक म्हणजे मूलांक अधिक ७. मूलांक २ तर भाग्यांक ९, मूलांक ३ तर १, मूलांक ४ तर २. त्या महिन्यात नऊच जोड्या संभवतात, दहावी होऊच शकत नाही. जुलै १९७८ मध्ये हाच फरक ५ चा, म्हणून त्या महिन्याच्या एक तारखेच्या प्रत्येक पोराच्या नशिबी सूर्य आणि शुक्र. म्हणजे मास्तरांनी ज्या ज्या पोराला १ जुलै १९७८ दिली, त्या सगळ्यांच्या घरी हेच वैर आणि हेच माणिक जाणार.

यातूनच कळतं की कुठला अंक कधी कच्चा. दिवस चुकला तर दोन्ही चुकतात. दिवस बरोबर आणि महिना किंवा वर्ष चुकलं तर मूलांक शाबूत राहतो, भाग्यांक जातो. ज्या घरात "तारीख पक्की, साल माहीत नाही" अशी परिस्थिती असते, तिथे मी भाग्यांक काढतच नाही, मूलांकावर बोलतो आणि थांबतो. तुझ्या बाबांच्या बाबतीत साल आणि सण पक्के वाटतात, दिवस दोनांपैकी एक. म्हणून दोन्ही जोड्या समोर ठेवून काम करायचं.

गणितातली एक खोट सांगून ठेवतो, कारण या तारखेला ती नेमकी नडते. घाईत लोक साल ७८ एवढंच लिहितात आणि तसंच मिळवतात. ३ अधिक ९ अधिक ७ अधिक ८ म्हणजे २७, म्हणजे ९. खरा भाग्यांक १, आणि हाती आला ९, म्हणजे सूर्याच्या जागी मंगळ. गंमत अशी की २ तारखेचा बरोबर काढलेला भाग्यांकही ९ च, त्यामुळे "दोघांनी नऊच सांगितला" अशी खोटी खात्री होऊन बसते. कारण सोपं आहे. १९ मधले १ आणि ९ मिळून १०, म्हणजे १. ते सोडले की विसाव्या शतकातल्या कुणाचाही भाग्यांक एकाने मागे जातो, आणि २००० नंतरच्या पोरांचा २० सोडला की दोनाने. कुणी भाग्यांक काढून दिला तर पहिल्यांदा साल चारही आकड्यांनी घेतलंय का, हे बघायचं. काही जण आकडे सुटे न करता ३ अधिक ९ अधिक १९७८ असं सरळ मिळवतात. त्याचे १९९० होतात, मग १९, मग १०, मग १. शेवट तोच येतो, त्याची काळजी नको. मधला दुहेरी आकडा मात्र वेगळा पडतो, एकीकडे ३७, एकीकडे १९. दुहेरी आकड्याचं फळ सांगणाऱ्याला म्हणून आधी विचारावं की बेरीज कशी केली.

आता वैर-मैत्रीचं. अंकज्योतिषाने ग्रहांची मैत्री आपल्या जुन्या ज्योतिषातून, नैसर्गिक मैत्रीच्या कोष्टकातून घेतली. त्यात सूर्याचे मित्र चंद्र, मंगळ, गुरू. शत्रू शुक्र आणि शनी. बुध सम, म्हणजे ना मित्र ना शत्रू. शुक्राचे मित्र बुध आणि शनी, शत्रू सूर्य आणि चंद्र. म्हणून दाखल्याच्या १ आणि ६ मध्ये दोन्ही बाजूंनी वैर आहे, हे तुमच्या ज्योतिषांनी सांगितलेलं खरं.

पण ३ सप्टेंबर धरली तर ३ आणि १, म्हणजे गुरू आणि सूर्य. गुरूचे मित्र सूर्य, चंद्र, मंगळ. सूर्याच्या मित्रांत गुरू आहेच. दोन्हीकडून मैत्री, भांडणाचं नावच नाही. २ सप्टेंबर धरली तर चंद्र आणि मंगळ. मंगळ चंद्राला मित्र मानतो, चंद्र मंगळाला सम मानतो. एका बाजूने मैत्री, दुसऱ्या बाजूने तटस्थ. म्हणजे आजीच्या साक्षीतली कुठलीही तारीख घेतली तरी वैर उरत नाही. ते वैर मास्तरांच्या दौतीतून आलेलं होतं.

हे कोष्टक सात ग्रहांचं आहे, त्यात राहू-केतू नाहीत. म्हणून ४ आणि ७ ची मैत्री प्रत्येक पुस्तकात वेगळी सापडते. एक म्हणतो ४ ला ८ चालतो, दुसरा म्हणतो ४ आणि ८ एकत्र आले की सत्यानाश. अशा ठिकाणी मी ठाम बोलत नाही, आणि जो फार ठाम बोलतो त्याच्यापासून जरा लांब बसतो. तुझ्या बाबांच्या कुठल्याच जोडीत ४ किंवा ७ नाही, तेवढं बरं.

माणकाचं सांगतो. माणिक सूर्याचं रत्न. दाखल्याचा मूलांक १ खरा धरला तरच ते मूलांकाचं रत्न ठरतं. ३ तारखेला मूलांकाचं रत्न पुष्कराज, २ तारखेला मोती. तारीख ठरली नाही तोवर एकही रत्न घ्यायचं कारण नाही. ठरल्यावरही मी तुझ्या बाबांना घ्यायला सांगणार नाही. कृषी केंद्राला पहिल्या हंगामात बियाणं आणि खत उचलायलाच पैसा पुरत नाही, तिथे अंगठीत भांडवल कशाला अडकवता?

आणखी एक मत तुला ऐकायला मिळेल. "दाखल्यावरची तारीख चाळीस वर्षं वापरली, आधारवर तीच, बँकेत तीच, सगळीकडे तीच चालली, मग तिचाच अंक लागू झाला," असं सांगणारे आहेत. माझं मत उलट आहे. या शास्त्रात मूलांक जन्माच्या दिवसाचा मानलेला आहे, लिहिलेल्या दिवसाचा नाही. वापराने अंक बदलतो म्हटलं तर जन्मतारीख विचारायचं कारणच संपलं. आणि कृपा करून अंकासाठी कागदावरची तारीख दुरुस्त करायला निघू नको. खत-बियाण्याचे परवाने, जीएसटी, बँकेचं खातं सगळं दाखल्याच्या तारखेवर उभं राहणार आहे. दोन कागदांवर दोन तारखा झाल्या की कृषी कार्यालयात फाईल अडते, आणि ती सोडवायला ना गुरू येत ना सूर्य. कागदावर १ जुलै राहू दे. अंक बघताना घरची तारीख बघा.

दुकान कधी उघडायचं ते आता ठरवू. दोन्ही जोड्यांना चालेल असा दिवस शोधायचा. उद्घाटनाच्या तारखेचा फक्त मूलांक बघतो मी. महिना आणि वर्ष सगळ्या गावाला सारखंच असतं, ते मिळवून काही हाती लागत नाही.

३ आणि १ या जोडीला १, २, ३ आणि ९ चालतात. चंद्र आणि मंगळ दोघांचेही मित्र आहेत, गुरू आणि सूर्य एकमेकांचे. ६ टाळायचा, कारण शुक्र गुरूलाही शत्रू आणि सूर्यालाही. ५ चा बुध गुरूला चालत नाही, ८ चा शनी सूर्याला. २ आणि ९ या जोडीचं बघ. चंद्राचे मित्र सूर्य आणि बुध, मंगळाचे मित्र सूर्य, चंद्र, गुरू. दोघांचा सामाईक मित्र सूर्य एकटाच. म्हणून १ हा अंक दोन्ही जोड्यांना चालतो. आजीच्या उत्तरांतून बारा वाजण्याआधी की नंतर, हे नाहीच कळलं तरी १, १०, १९ किंवा २८ तारखेला अडत नाही.

सूर्य दाखल्याच्या मूलांकाचाही धनी आहे, तेव्हा तुमच्या ज्योतिषांना विचारलं तर मूलांकापुरते तेही नाही म्हणणार नाहीत. फार तर शुक्राचं तुणतुणं वाजवतील.

भाग्यांकावरून धंद्याचं विचारशील तर, ३ तारीख खरी निघाली तर भाग्यांक १ ला स्वतःची पाटी लावलेला धंदा मानवतो असं मानतात, भागीदारी कमी मानवते. आणि मूलांक ३ चा गुरू सल्ला देणारा तसाच सढळ हाताचा. कृषी केंद्राला हे दोन्हीकडून लागू पडतं. कपाशीवर कुठली अळी आहे, कशाची फवारणी करायची, हे समजावून सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक येतंच. पण तोच माणूस "कापूस विकला की देजा" म्हणून खताची बॅग उधार देतो आणि दिवाळीपर्यंत वही भरत राहते. बाबा भागीदार घेणार असतील तर त्याचीही घरची तारीख विचार, दाखल्याची नको. त्याचा मूलांक ६ आला म्हणून माणूस नाकारायचा नाही, पण उधारी कुणी मंजूर करायची हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवायला लावीन. तारीख २ निघाली तर भाग्यांक मंगळाचा. तिथे भागीदारीला मनाई नाही, पण गिऱ्हाइकाशी शब्दाला शब्द वाढवणारा माणूस काउंटरवर नको, असं सांगीन.

दुकानाच्या नावाचा अंक इंग्रजी स्पेलिंगवरून काढतात, आणि त्याचीही कोष्टकं दोन-तीन आहेत, प्रत्येकात उत्तर वेगळं. सगळ्यात जास्त वापरतात त्या कीरोच्या कोष्टकात कुठल्याच अक्षराला ९ हा अंक दिलेला नाही, बेरजेत आला तर आला. गावात पाटी मराठीत वाचली जाते. नाव सोपं ठेवा, गिऱ्हाइकाला फोनवर सांगता आलं पाहिजे. एखादं जास्तीचं इंग्रजी अक्षर घुसवायला पैसे मागणारा भेटला तर चहा पाजून वाटेला लाव.

तारखेसाठी हंगाम मात्र अडवू नका. मृग ७-८ जूनला लागतो, आणि बियाण्याची खरी गर्दी त्याच्या आधीपासूनच सुरू होते. मे महिन्यात १, १०, १९ आणि २८ या चार तारखा मिळतात. १ मे ला महाराष्ट्र दिनाची सुट्टी, बँक बंद, कंपनीचा माणूसही येणार नाही. २८ ला उशीर होतो, गर्दीच्या आधी माल लावायला आठवडाही उरत नाही. १० किंवा १९ धरा. तोवर परवाना हातात आला नसेल तर मुहूर्त म्हणून फक्त पूजा करून कुलूप लावा, विक्री परवाना आल्यावरच. आणि आजी मारबतीबद्दल काय म्हणाली ते मला कळव. बाळ तेव्हा कुशीत होतं म्हणाली तर ती सकाळच्या बाजूची हद्द पक्की झाली. मग सुईणीला गाव झोपल्यावर बोलावलं की आधी, एवढंच विचारायचं राहील.